सेल्फीतली उलटी अक्षरं सरळ करायची, पण चेहऱ्याला हात न लावता

प्रश्न: सेल्फी काढली, चेहरा छान आलाय पण टीशर्टवरची अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी आलीत. पूर्ण फोटो फ्लिप केला की अक्षरं सरळ होतात पण चेहरा मग माझा वाटतच नाही. फक्त अक्षरांचा चौकोन सिलेक्ट करून फ्लिप केला तर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

उत्तर:

तुमचं सिलेक्शन चुकत नाहीये, चौकोन फ्लिप करताना त्यात अक्षरांसोबत अजून काय काय फिरतंय तिकडे लक्ष गेलेलं नाही एवढंच. त्या चौकोनात छपाई आहे, कापड आहे, कापडाच्या चुण्या आहेत आणि कापडावर पडलेला उजेड आहे. तुम्हाला फिरवायची आहे फक्त छपाई. पण चौकोन उचलून फिरवला की उजेडही फिरतो, म्हणजे बाकी सगळ्या फोटोत उजेड डावीकडून येतोय आणि छातीवरच्या एवढ्याशा पट्ट्यात तो उजवीकडून. कडा कितीही मऊ करा, बघणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नाही पण ठिगळ आहे हे जाणवतं.

आधी चेहऱ्याचं थोडक्यात सांगून टाकतो. पूर्ण फ्लिप केल्यावर जो चेहरा तुम्हाला परका वाटतोय तोच बाकीच्यांना रोज दिसतो, तुम्हाला आरशातल्याची सवय आहे म्हणून भांग भलत्या बाजूला गेल्यासारखा वाटतो. फोटो दुसऱ्या कोणासाठी असेल तर खरं तर पूर्ण फ्लिप हाच सगळ्यात स्वच्छ उपाय, दोन सेकंदांचं काम आणि फोटोत काहीच खोटं राहत नाही. घड्याळ, शर्टाचा खिसा, मागची पाटी सगळं आपोआप जागेवर येतं. पण माणसाला स्वतःचा फोटो स्वतःला आवडायला हवा असतो, माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच म्हणतात, त्यामुळे मी वाद घालत नाही. फक्त लक्षात ठेवा की अक्षरं सरळ केली तरी बाकीचा फोटो आरशातलाच राहणार. डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्यावर दिसेल, छातीवर एका बाजूला छोटा लोगो असेल तर तो सरळ वाचता येईल पण दुसऱ्याच बाजूला असेल. हे चालत असेल तर पुढे वाचा.

आता कुठली पद्धत वापरायची हे अक्षरं कशावर आहेत त्यावर ठरतं. पुठ्ठा, पुस्तकाचं कव्हर, भिंतीवरची पाटी असं काही सपाट असेल, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर असेल आणि उजेड सगळीकडे सारखा असेल तर तुम्ही केलंत तेच बरोबर आहे, चौकोन उचला, नव्या लेअरवर म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर घ्या, फ्लिप करा, कडा तीन-चार पिक्सेल मऊ करा, झालं. पुठ्ठा हातात धरलेला असेल तर बोटं तेवढी मास्क करून परत वर आणायची, नाहीतर अंगठा कापला जातो. कापड असेल तर मात्र ही पद्धत विसरा. टीशर्टवर अक्षरं आणि कापड वेगळं केल्याशिवाय ते काम नीट होत नाही, आणि तुमचा प्रश्न त्यातलाच आहे म्हणून मी पूर्ण उत्तर त्याच्यावरच देतो.

मागे एक फोटो केला होता तो डोळ्यासमोर ठेवून सांगतो म्हणजे कळेल. गडद निळा टीशर्ट, त्यावर मळकट पांढऱ्या अक्षरात एका ओळीत "आज सुट्टी" असं छापलेलं, अर्थात उलटं. फोटो साधारण 3000 बाय 4000 पिक्सेलचा, त्यात अक्षरांची पट्टी 900 पिक्सेल रुंद असेल. खिडकी फोटोच्या डाव्या हाताला. फोन धरलेला हात उजवीकडून पुढे आलेला, त्यामुळे उजवा खांदा कॅमेऱ्याच्या जवळ आणि त्या बाजूची अक्षरं मोठी. आणि वर डावीकडून बॅगेचा पट्टा तिरका गेलेला, ज्याच्याखाली "ट्टी" चा शेवटचा काना झाकला गेलेला. म्हणजे सगळ्या अडचणी एकाच फोटोत.

मी फोटोशॉप वापरतो, पण हे सगळं ब्राउझरमधे चालणाऱ्या फुकटच्या फोटोपीमधे जवळपास त्याच मेनूंनी होतं, आणि गिंपमधेही बरंचसं होतं, फक्त नावं आणि काही पायऱ्या वेगळ्या. फोनवरचं ॲप चालेल का असं विचाराल तर त्यात लेअर आणि लेअर मास्क या दोन गोष्टी असतील तर चालेल, नसतील तर नाही. लेअर मास्क म्हणजे लेअरवर लावलेलं काळं-पांढरं चित्र, पांढरं असेल तिथे लेअर दिसतो आणि काळं असेल तिथे झाकला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फोटोच्या लेअरला कुलूप लावायचं आणि सगळं काम त्याच्या वरच्या लेअर्सवर करायचं. चेहऱ्याला हात लागणार नाही याची खात्री इथूनच मिळते. मग अक्षरांभोवती थोडं मोकळं कापड राहील असा चौकोन सिलेक्ट करून Ctrl+J दाबलं की तो तुकडा नव्या लेअरवर येतो. या लेअरला मी "छपाई" नाव देतो. तो तसाच बाजूला, लेअरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करून.

मग कापड साफ करायचं. म्हणजे मूळ फोटोची एक कॉपी घ्यायची आणि तिच्यावरून अक्षरं पुसून टीशर्ट कोरा करायचा. इथे बहुतेक जण ब्रश घेऊन थेट सुरू होतात आणि मग पांढुरकी भुतं राहतात. कारण अक्षराची कड एका पिक्सेलवर संपत नाही, फोनचा कॅमेरा फोटो शार्प करताना कडेला एक फिकट किनार सोडतो, आणि हीलिंग ब्रश आजूबाजूचा रंग ओढून घेतो त्यात ही किनारही ओढली जाते. म्हणून अक्षरं सिलेक्ट करा, ते सिलेक्शन पाच-सहा पिक्सेल वाढवा, Select > Modify > Expand, आणि मग भरा. कंटेंट-अवेअर फिलने सपाट भाग ठीक होतो. चुणीवर मात्र क्लोन स्टॅम्प हातात घ्यायचा, आणि नमुना बाजूने नाही तर त्याच चुणीवर वरून किंवा खालून घ्यायचा. चुणी वरून खाली जाते, उजेड बाजूला बदलतो, त्यामुळे बाजूचं कापड आणून टाकलं की लगेच डाग दिसतो. दोन अक्षरांच्या मधे जे कापड दिसतं ते सगळ्यात चांगला नमुना, ते वाया घालवू नका. पट्ट्याची कापडावर पडलेली सावली पुसू नका, ती पट्ट्याची आहे, अक्षरांची नाही, ती राहिली पाहिजे.

कोरा टीशर्ट जमला की निम्मं काम झालं. खरं तर निम्म्याहून जास्त, कारण आता पुढे काही बिघडलं तरी खाली स्वच्छ कापड आहे.

आता छपाईचा लेअर. आपल्याला त्यातून कापड काढून फक्त अक्षरांचा आकार हवाय. गडद कापडावर पांढरी अक्षरं असतील तर हे सोपं आहे. लेअर ब्लॅक अँड व्हाइट करा, मग Levels उघडून डावीकडचा काळा स्लायडर आत आणत रहा जोपर्यंत कापड पूर्ण काळं होत नाही. पांढरा स्लायडर थोडाच हलवायचा, इतकाच की अक्षरांचं पोट पांढरं होईल पण कडेचा राखाडी रंग टिकेल. ती राखाडी कड गेली की अक्षरं कात्रीने कापल्यासारखी दिसतात. हे जे काळं-पांढरं चित्र तयार झालं ते कॉपी करून एका सपाट रंगाच्या लेअरला मास्क म्हणून लावायचं, आणि त्या लेअरचा रंग मूळ छपाईवरून आयड्रॉपरने उचलायचा. आता तुमच्याकडे एकसारख्या रंगाची, उजेड-सावली नसलेली, पण मूळच्याच वळणाची अक्षरं आहेत. पांढऱ्या टीशर्टवर काळी अक्षरं असतील तर सगळं उलट, मास्क लावण्याआधी चित्रातल्या काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं Ctrl+I ने करून घ्यायचं. रंगीबेरंगी छपाई असेल, फोटोच छापलेला असेल तर ही युक्ती तितकी चालत नाही, तिथे अक्षरांचा तुकडाच रंगासकट कापून घ्यावा लागतो आणि उजेडाची दुरुस्ती नंतर हाताने.

काही जण म्हणतील एवढं करण्यापेक्षा तसाच फाँट शोधून नवीन टाइप का करू नये. लोगोचा फाँट हाताशी असेल तर जरूर करा. पण देवनागरीत छपाईवाल्याने कुठला फाँट वापरलाय हे ओळखणं जिकिरीचं आणि जवळचा दुसरा फाँट लावला तर जोडाक्षर वेगळं बसतं, "ट्टी" मधे एकाखाली एक ट असतात की शेजारी हे लगेच कळतं. शिवाय टाइप केलेली अक्षरं फोटोपेक्षा जास्त स्वच्छ असतात, ती मग मळवत बसा. मूळचीच अक्षरं वापरलेली बरी.

आता फ्लिप. या लेअरला आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, कारण प्रत्येक वेळी वाकवलं की अक्षरं थोडी धूसर होतात, स्मार्ट ऑब्जेक्टमधे सगळे बदल मूळ तुकड्यावरून एकदम मोजले जातात. मग Edit > Transform > Flip Horizontal. अक्षरं सरळ झाली पण बसणार नाहीत. माझ्या फोटोत "आ" मूळ उजवीकडे होता, कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून मोठा. फ्लिप झाल्यावर मोठा "आ" डावीकडे गेला, जिथे शरीर कॅमेऱ्यापासून लांब आहे. म्हणजे लांबची अक्षरं मोठी आणि जवळची लहान, हे डोळ्याला अजिबात पटत नाही. त्यासाठी Distort घ्यायचं, आणि इथे देवनागरीचा एक फायदा आहे जो मला बऱ्याच उशिरा सुचला.

शिरोरेघ. बाकी प्रत्येक अक्षर फ्लिप झाल्यावर वेगळं दिसतं, पण शिरोरेघ ही एक रेघ आहे, उलटी केली तरी ती रेघच. म्हणजे मूळ उलट्या फोटोत शिरोरेघ जिथून जाते, जिथे वाकते, जिथे चुणीत खाली जाते, बरोबर तिथूनच सरळ अक्षरांची शिरोरेघही गेली पाहिजे, कारण कापड तेच आहे. मग करायचं काय, तर मूळ फोटोच्या लेअरची कॉपी 40 टक्के ओपॅसिटीवर वर आणून ठेवायची आणि नवीन शिरोरेघ जुन्या शिरोरेघेवर बसवायची. आधी Distort मधे चारही कोपरे ओढून दोन्ही टोकं जुन्या टोकांवर आणि अक्षरांची उंची दोन्हीकडे जुन्या उंचीइतकी करून घ्यायची, यात पर्स्पेक्टिव्ह आपोआप येतो. मग Warp घेऊन मधल्या बारीक वळणांवर रेघ जुन्या रेघेला चिकटवायची. फ्लिप केलेल्या तुकड्यात चुण्यांचे जुने वाक उलट्या जागी आलेले असतात, ते याच वेळी सरळ होऊन नवे वाक येतात. रेघ बसली की खालची अक्षरं नव्वद टक्के आपोआप बसतात, उरलेलं थोडं उकार आणि काना सरळ उभे आहेत का बघून.

इंग्रजी अक्षरं असतील तर अशी रेघ नसते, तिथे मूळ अक्षरांच्या डोक्यावरून आणि पायातून पेन टूलने दोन रेघा आधीच आखून ठेवायच्या आणि त्या रेघांत नवीन अक्षरं बसवायची. तत्त्व तेच. सगळी कॅपिटल आणि A, H, M, O, T, X यांसारखी दोन्हीकडून सारखी दिसणारी अक्षरं असली तर मात्र चैन आहे, TOMATO उलटं केलं तर फक्त क्रम उलटतो, एकेक अक्षर उचलून जागा बदलली की काम संपलं. देवनागरीत ही चैन नाही, शिरोरेघेमुळे अक्षरं एकमेकांना बांधलेली असतात.

पट्ट्याची गंमत शेवटी. फ्लिप केल्यावर "ट्टी" उजवीकडे मोकळ्यावर आली, पण तिचा काना मूळ फोटोत पट्ट्याखाली होता, म्हणजे फोटोत तो कधी आलाच नव्हता. जे पिक्सेल नाहीत ते फिरवणार कुठून? मी "ज" चा काना उचलून तिथे लावला, जाडी सारखीच होती, आणि वेलांटीचं वरचं वळण दिसत होतं ते त्याला जोडलं. हे काम फ्लिप करण्याआधी, मास्कवरच करून घ्या, म्हणजे पुढचे सगळे वाक त्यालाही लागतील. उलट बाजूला आता "आ" पट्ट्याच्या जागेवर आला. तिथे पट्टा अक्षरांच्या वर दिसायला हवा म्हणून पट्टा सिलेक्ट करून अक्षरांच्या लेअरवर मास्क केला, आणि "आ" फारच कापला जातोय असं दिसल्यावर पूर्ण ओळ त्याच रेघेवरून 45 पिक्सेल उजवीकडे सरकवली. टीशर्टवरची छपाई मधोमधच आहे की थोडी बाजूला हे फोटोत कोणी मोजत नाही. लांब मोकळे केस अक्षरांवर आलेले असतील तर हेच, फक्त मास्क जास्त नाजूक.

आता अक्षरं जागेवर आहेत पण स्टिकर चिकटवल्यासारखी, कारण त्यांच्यावर उजेड नाही. तो कोऱ्या टीशर्टवरूनच घ्यायचा. कोऱ्या कापडाच्या त्या भागाची कॉपी घ्या, ब्लॅक अँड व्हाइट करा, विणीचे ठिपके जातील इतपत थोडं ब्लर करा आणि अक्षरांच्या लेअरवर क्लिप करून, म्हणजे तिचा परिणाम फक्त अक्षरांपुरता राहील असं करून, Soft Light मोडला ठेवा. या मोडमधे मधला राखाडी रंग काहीच करत नाही, त्याहून उजळ असेल तिथे अक्षर उजळतं, गडद असेल तिथे गडद होतं. पण तुमचा टीशर्ट गडद असेल तर कॉपी पूर्णच गडद असणार आणि अक्षरं सगळीकडे काळवंडतील, म्हणून Levels चा मधला स्लायडर डावीकडे ओढून कापडाचा सरासरी रंग मधल्या राखाडीला आणून ठेवायचा. माझ्या फोटोत हे केल्या केल्या खिडकीकडची "आ" ची बाजू उजळली आणि उजवीकडे "ट्टी" जराशी दबली, चुणीतून जाणाऱ्या "सु" वर एक सावलीची रेघ आली. फ्लिप केलेल्या चौकोनात हेच उलटं होत होतं. कमी वाटलं तर लेअरची अजून एक कॉपी, जास्त वाटलं तर ओपॅसिटी कमी. किती हे नियमाने सांगता येत नाही, मूळ उलट्या अक्षरांत जेवढा फरक दिसत होता तेवढाच इथे दिसला पाहिजे, तो शेजारी उघडून ठेवा.

शेवटचा हात फिरवायचा तो दाण्यावर, म्हणजे फोटोतल्या बारीक ठिपक्यांच्या खरखरीवर. सेल्फीचा कॅमेरा बारीक तपशील पुसून टाकतो आणि वर थोडा दाणा असतो, आपली अक्षरं सपाट रंगाची असल्यामुळे त्यात तो नसतो. Add Noise ने एक-दोन टक्के, Monochromatic वर टिक करून. आणि कडा कापडापेक्षा धारदार वाटल्या तर मास्कवर अर्धा ते एक पिक्सेल ब्लर. त्यापेक्षा जास्त केलंत तर अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी दिसतात, मी सुरुवातीला हीच चूक करायचो.

तपासायचं कसं. 100 टक्के झूमवर कडा बघा, नंतर फोटो अंगठ्याएवढा लहान करून बघा, ठिगळ असेल तर ते लहान फोटोतच आधी डोळ्यात भरतं. मग काही क्षण पूर्ण कॅनव्हास आडवा फ्लिप करून बघा, तेच तेच बघून डोळे सरावलेले असतात ते जागे होतात आणि एखादा तिरका काना लगेच सापडतो. आणि चेहऱ्याची खात्री हवी असेल तर मूळ लेअरची कॉपी सगळ्यात वर ठेवून मोड Difference करा. जिथे काही बदललं नाही तिथे पूर्ण काळं दिसतं. फक्त छातीवर जुनी आणि नवी अक्षरं एकावर एक चमकली पाहिजेत, गळ्याच्या वर एकही ठिपका उजळ दिसला तर कुठलातरी ब्रश चुकून तिकडे गेलाय, त्या लेअरवर तेवढा भाग खोडा. हे तपासणं जेपेग सेव्ह करायच्या आधी करा, कारण जेपेगमधे पूर्ण फोटो नव्याने दाबला जातो आणि मग चेहऱ्यावरही किरकोळ फरक दिसतो, तो तुमच्या हाताचा नसतो. लेअर्सची फाइल ठेवून द्या, जेपेग तिच्यातून काढा.

पहिल्यांदा करत असाल तर दोन तास धरा, त्यातला बराचसा वेळ कापड साफ करण्यात जाईल. आणि पुढच्या वेळी अक्षरांचा टीशर्ट घालून सेल्फी काढायची असेल तर आयफोनमधे Settings > Camera मधलं Mirror Front Camera बंद करा, बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे Save selfies as previewed किंवा तशाच नावाचं बटण असतं ते बंद करा. अक्षरं सरळ येतील. चेहरा मात्र तोच येईल जो तुम्हाला तुमचा वाटत नाही, त्यामुळे आरशातलाच हवा असेल तर ते बटण चालू ठेवा आणि साधा टीशर्ट घाला.